उरलेली जागा कोणाला द्यायची?

वाचनालयाच्या वेबसाइटवर पुस्तक शोधलं आणि ते संग्रहात नसेल, तर समोर येणाऱ्या पानावर फारसं काही नसतं. वर वाचनालयाचं नाव आणि चार लिंका, मग ‘या नावाचे पुस्तक सापडले नाही’ एवढी एक ओळ, पुन्हा शोधण्यासाठी एक चौकट. त्याच्या लगेच खाली गडद रंगाची एक आडवी पट्टी येते. तिच्यात पत्ता, सकाळ-संध्याकाळच्या वेळा, फोन नंबर असतो. ही पट्टी म्हणजे फूटर. ती पानाच्या तळाशी असायला हवी, पण इथे ती स्क्रीनच्या मधोमध येऊन थांबते आणि तिच्याखाली अर्धा स्क्रीन पांढराफटक राहतो.

हे नुसतं वाईट दिसतं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. फूटर दिसला की पान संपलं, हे वाचकाच्या अंगवळणी पडलेलं आहे. फूटरच्या खाली एवढी मोकळी जागा दिसली की पान पूर्ण उघडलेलं नाही, अजून काहीतरी यायचंय, असं त्याला वाटतं. नेट धीमं असेल तर तो थांबून राहतो, मग पान पुन्हा लोड करतो. पुस्तक नाही हे त्याला कळलेलंच असतं, पण तेवढंच उत्तर होतं यावर त्याचा विश्वास बसत नाही.

त्याच वेबसाइटवर सगळ्या कादंबऱ्यांची यादी उघडा. यादी लांबलचक आहे, खाली सरकत जावं लागतं, आणि अगदी शेवटच्या पुस्तकानंतर फूटर येतो. इथे तो जिथे आहे तिथेच बरोबर आहे. तेव्हा मागणी दुहेरी आहे: मजकूर थोडा असेल तर फूटर स्क्रीनच्या तळाला टेकलेला हवा, आणि मजकूर जास्त असेल तर तो मजकुराच्या मागून, त्याच्या शेवटी यायला हवा. दोन्ही पानांना नियम मात्र एकच लागू व्हायला हवा, कारण कोणत्या पानावर किती मजकूर येईल हे वेबसाइट बनवणाऱ्याला आधी माहीत नसतं.

छापील मासिकात हा प्रश्न उद्भवत नाही. कागदाची उंची छापण्याआधीच ठरलेली असते आणि मजकूर तिच्यात बसवला जातो. वेबवर क्रम उलटा आहे. ब्राउझर प्रत्येक चौकटीची रुंदी वरून खाली ठरवतो: खिडकी जेवढी रुंद तेवढं पान, पान जेवढं रुंद तेवढा परिच्छेद. उंची मात्र खालून वर ठरते. परिच्छेदात किती ओळी झाल्या त्यावर परिच्छेदाची उंची, सगळ्या परिच्छेदांच्या बेरजेवर पानाची उंची. खिडकी किती उंच आहे याची दखल या हिशेबात कुठेच घेतली जात नाही. लेख, अहवाल, सूचना अशा वाहत्या मजकुरासाठी हा क्रम अगदी योग्य आहे, आणि 1996 मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती आली तेव्हा वेबवर बहुतेक तेच होतं. फूटर मध्येच थांबतो तो याच क्रमामुळे. त्याच्या आधीचा मजकूर संपला की तो लागलीच येतो. खाली खिडकी शिल्लक आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

ही अडचण समोर आली की नवशिक्याच्या मनात पहिला उपाय येतो तो फूटरला तळाशी बांधून टाकण्याचा. सीएसएसमध्ये `position: fixed` आणि `bottom: 0` असं लिहिलं की फूटर खिडकीच्या तळाला चिकटतो. पण मग तो लांब पानावरही चिकटलेलाच राहतो. कादंबऱ्यांची यादी वाचताना तो सतत स्क्रीनवर असतो आणि यादीच्या शेवटच्या दोन-तीन ओळी त्याच्यामागे झाकल्या जातात. मोबाइलच्या लहान स्क्रीनवर तर वाचायला उरलेली जागाच तो खाऊन टाकतो. दुसरा उपाय `position: absolute`. त्यात फूटर पानाच्या तळाशी बसतो, पण ब्राउझरच्या हिशेबातून तो बाहेर पडतो, म्हणजे त्याच्यासाठी जागा राखली जात नाही. ती जागा आपणच मजकुराखाली मोकळी सोडायची. किती सोडायची? फूटर जेवढा उंच तेवढी. म्हणजे फूटरची उंची आधी माहीत हवी.

इथेच जुन्या सगळ्या युक्त्यांची गाडी अडायची. बरीच वर्षं चाललेली एक युक्ती अशी होती: मजकुराभोवती एक मोठी चौकट घ्यायची, तिला निदान खिडकीएवढी उंची द्यायची, मग तिला खालून उणे 80 पिक्सेलचा मार्जिन देऊन फूटर वर ओढून घ्यायचा, आणि फूटर मजकुरावर चढू नये म्हणून आत 80 पिक्सेल उंचीची एक रिकामी चौकट ठेवायची. फूटरची स्वतःची उंचीही 80 ठरवून टाकायची. एकच आकडा तीन ठिकाणी. पुढे `calc(100vh - 80px)` असं लिहिता येऊ लागलं तेव्हा युक्ती आटोपशीर झाली, पण आकडा काही सुटला नाही.

तो आकडा का टिकत नाही, हे आपल्या वाचनालयाच्या फूटरवरूनच पाहू. मोठ्या स्क्रीनवर पत्ता, वेळा आणि फोन एका ओळीत मावतात. मोबाइलवर त्याच मजकुराच्या चार-पाच ओळी होतात. मराठीऐवजी इंग्रजी आवृत्ती निवडली की पत्त्याची लांबी बदलते. देवनागरी अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून ओळींमधलं अंतरही सहसा जास्त ठेवावं लागतं. कोणी ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी करून वाचत असेल, तर सगळंच वाढतं. आणि पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या समितीने ‘फूटरमध्ये अध्यक्षांचं नाव घाला’ असं सांगितलं, की 80 चे 110 होतात. मग तिन्ही ठिकाणी आकडा बदलायला हवा. तो कोणी बदलत नाही. फूटर मजकुरावर चढतो किंवा तळाशी फट पडते.

माझ्या मते या युक्त्यांची मूळ चूक आकड्यात नव्हती. सगळ्या युक्त्या फूटरलाच धरून बसल्या होत्या: त्याला कुठे ठेवायचं, किती वर ओढायचं, किती जागा सोडायची. खरं तर फूटरला काहीही सांगायची गरज नाही. मजकूर थोडा असताना खिडकीत काही जागा उरते, आणि ती उरलेली जागा पानाच्या कोणत्या भागाने घ्यायची एवढाच प्रश्न आहे. ती मधल्या भागाने घेतली, की फूटर आपोआप तळाशी जातो. उरलेली जागा वाटण्याची ही भाषा सीएसएसकडे नव्हती. ती फ्लेक्सबॉक्सने आणली. तिचा पहिला मसुदा 2009 मध्ये आला आणि आज आपण वापरतो ती लिहिण्याची पद्धत 2012 मध्ये स्थिरावली. पुढल्याच वर्षी फिलिप वॉल्टन यांनी ‘सॉल्व्ह्ड बाय फ्लेक्सबॉक्स’ नावाचा संग्रह प्रसिद्ध केला. सीएसएसमध्ये वर्षानुवर्षं छळणारे प्रश्न फ्लेक्सबॉक्सने कसे सुटतात ते त्यात दाखवलं होतं, आणि तळाशी टेकणारा फूटर हा त्यातलाच एक.

पानाची रचना साधी असते. `body` च्या आत एकाखाली एक तीन भाग: वरची पट्टी म्हणजे `header`, मधला मजकूर म्हणजे `main`, आणि खाली `footer`. त्यावर एवढंच लिहायचं:

```css
body {
  margin: 0;
  min-height: 100vh;
  display: flex;
  flex-direction: column;
}
main {
  flex: 1 0 auto;
}
```

`display: flex` म्हटलं की `body` तिच्या थेट मुलांची मांडणी फ्लेक्सच्या नियमांनी करते. ते नियम नुसते लावले तर मुलं शेजारीशेजारी आडवी बसतात, म्हणून `flex-direction: column` लिहून त्यांना एकाखाली एक बसवायचं. `100vh` म्हणजे खिडकीची पूर्ण उंची. `vh` हे एकक खिडकीच्या उंचीचा शंभरावा भाग असतं. `main` वरची ओळ पुढे पाहू. `footer` साठी इथे एक अक्षरही नाही, हे मात्र आत्ताच लक्षात घ्या.

आता ब्राउझर काय हिशेब करतो ते आकड्यांत पाहू. समजा खिडकी 900 पिक्सेल उंच आहे. ‘पुस्तक सापडले नाही’ या पानावर वरची पट्टी 80, मजकूर 220 आणि फूटर 120 पिक्सेलचा आहे. ब्राउझर आधी प्रत्येकाची नैसर्गिक उंची मोजतो आणि बेरीज करतो: 420. मग `body` ची किमान उंची पाहतो: 900. बेरीज कमी पडते, म्हणून `body` 900 ची होते आणि 480 पिक्सेल शिल्लक राहतात. ही शिल्लक वाढायला तयार असलेल्या मुलांमध्ये वाटली जाते. वरची पट्टी आणि फूटर यांना आपण काही सांगितलं नाही, आणि काही न सांगता फ्लेक्समधलं मूल वाढत नाही. तयारी फक्त `main` ने दाखवली आहे, म्हणून सगळे 480 त्याला मिळतात. `main` 220 वरून 700 चा होतो. 80 आणि 700 मिळून 780 झाले, फूटर 780 पासून 900 पर्यंत बसतो. खिडकीचा तळही 900 वरच आहे.

कादंबऱ्यांच्या यादीत मजकूर 2400 पिक्सेलचा निघाला. बेरीज 2600. ती किमान 900 पेक्षा जास्तच आहे, म्हणून `body` 2600 ची होते आणि शिल्लक शून्य. वाटायलाच काही नाही. `main` 2400 चा राहतो, फूटर 2480 पासून 2600 पर्यंत, म्हणजे यादीच्या बरोबर खाली. फूटरची उंची 120 ऐवजी 210 झाली तरी दोन्ही हिशेब तसेच जुळतात, कारण ती कोडमध्ये कुठे लिहिलेलीच नाही. ब्राउझर दर वेळी ती नव्याने मोजतो.

या सगळ्याचा जीव `min-height` मध्ये आहे, आणि नेमक्या याच शब्दाऐवजी पुष्कळ जण `height` लिहितात. `height: 100vh` म्हणजे ‘उंची 900च’. `min-height: 100vh` म्हणजे ‘निदान 900, लागेल तर जास्त’. लहान पानावर दोघांत काहीच फरक दिसत नाही. आश्चर्य असं की लांब पानावरही चटकन दिसत नाही. `body` 900 ची आहे आणि आत 2600 चा ऐवज आहे, तेव्हा 1700 पिक्सेलची तूट पडते. तूट पडली की फ्लेक्समधली मुलं आकसायला पाहतात, पण आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायचं नाही अशी एक अंगभूत मर्यादा त्यांना असते. म्हणून ती आकसत नाहीत, 900 च्या बाहेर खाली वाहत जातात. वरवर पान ठीक दिसतं, फूटरही यादीच्या खालीच येतो. चूक तशीच राहून जाते.

ती उघडी पडते वेगळ्याच ठिकाणी. वरची पट्टी स्क्रोल करताना वर चिकटून राहावी म्हणून कोणी तिला `position: sticky` दिलं, तर ती थोडं अंतर चिकटून राहते आणि मग मध्येच वर निघून जाते. कारण अशी पट्टी आपल्या आईच्या चौकटीबाहेर येऊ शकत नाही, आणि आईची चौकट 900 वर संपलेली आहे. किंवा `html` ला एक रंग आणि `body` ला दुसरा दिला असेल, तर `body` चा रंग 900 पिक्सेलवर तुटतो आणि खाली वेगळाच रंग सुरू होतो. तिसरी खूण सगळ्यांत ठळक. कोणी `main` वर `flex: 1 0 auto` ऐवजी `flex: 1` आणि सोबत `overflow: auto` लिहिलं असेल, तर ती आकसण्याची मर्यादा उठते. मग `main` 700 पिक्सेलमध्ये कोंडला जातो, त्याला स्वतःची वेगळी स्क्रोलपट्टी येते आणि फूटर कायमचा स्क्रीनवर राहतो. काही अॅपना तसंच हवं असतं. वाचायच्या पानाला नको असतं. यातली कुठलीही खूण दिसली की आधी `height` शोधा आणि त्याच्यामागे `min-` आहे का ते पाहा.

आता `flex: 1 0 auto`. यातले तीन शब्द तीन प्रश्नांची उत्तरं आहेत. जागा उरली तर वाढायचं का? 1 म्हणजे हो. जागा कमी पडली तर आकसायचं का? 0 म्हणजे नाही. सुरुवात कुठून धरायची? `auto` म्हणजे स्वतःच्या मजकुराच्या उंचीपासून. बरेच जण नुसतं `flex: 1` लिहितात, आणि किमान उंचीच्या `body` मध्ये तेही चालतं. मी तिन्ही शब्द लिहिते, कारण पुढे हा कोड वाचणाऱ्याला `main` कडून काय हवं आहे ते त्यात स्पष्ट वाचता येतं.

याच कामाची दुसरी वाट म्हणजे `main` ला काही न सांगता फूटरवर `margin-top: auto` लिहायचं. फ्लेक्समध्ये `auto` मार्जिन उरलेली सगळी जागा गिळतो, म्हणून फूटरच्या डोक्यावर 480 पिक्सेलचा मार्जिन तयार होतो आणि फूटर तळाला जातो. फूटरची जागा दोन्ही वाटांनी तीच. फरक मधल्या भागात पडतो. पहिल्या वाटेने `main` स्वतः 700 चा होतो, दुसऱ्या वाटेने तो 220 चाच राहतो आणि त्याच्याखाली कोणाचीच नसलेली जागा राहते. `main` ला फिकट पिवळी पार्श्वभूमी असेल, तर पहिल्या वाटेने पिवळा रंग फूटरपर्यंत पोचतो आणि दुसऱ्या वाटेने मध्येच तुटतो. ‘पुस्तक सापडले नाही’ ही ओळ मोकळ्या जागेच्या मधोमध आणायची असेल, तरीही `main` वाढलेला हवा. त्यामुळे एरवी पहिली वाट बरी. `main` च्या कोडला हात लावता येत नसेल, तर दुसरी कामाला येते.

कोड बरोबर लिहिला आणि तरी फूटर जागचा हलला नाही, तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं. फ्लेक्सचे नियम फक्त थेट मुलांना लागतात, नातवंडांना नाही. रिअॅक्टमध्ये बनवलेल्या पानात `body` च्या आत बहुधा `root` नावाची एकच चौकट असते आणि पट्टी, मजकूर, फूटर तिच्या आत असतात. वर्डप्रेसच्या अनेक थीममध्येही सगळ्याभोवती अशीच एक चौकट असते. मग `body` ला तीन नाही, एकच मूल दिसतं, आणि `main` तिच्या हिशेबात येतच नाही. उपाय सरळ आहे: त्या तीन भागांची जी थेट आई असेल, त्या चौकटीवर `min-height`, `display` आणि `flex-direction` लिहायचं. `vh` चा इथे मोठा फायदा होतो. त्याजागी `min-height: 100%` लिहिलं, तर टक्के कशाचे हे कळण्यासाठी त्या चौकटीच्या आईची उंची पक्की लिहिलेली लागते, आईची उंचीही टक्क्यांत असेल तर तिच्या आईची, असं वर `html` पर्यंत. मधली एक कडी राहिली की टक्का निष्फळ होतो आणि ब्राउझर काही तक्रारही करत नाही.

दुसरी खोड बारीक आहे, पण ती हमखास भेटते. लहान पानावर फूटर तळाशी गेला, तरीही बाजूला स्क्रोलपट्टी दिसते आणि पान अगदी थोडंसं, बोटभर, हलतं. ब्राउझर `body` ला स्वतःहून चारी बाजूंनी 8 पिक्सेलचा मार्जिन देतो. 900 ची `body`, वर 8, खाली 8, मिळून 916. म्हणून कोडच्या पहिल्या ओळीत `margin: 0` आहे. `body` ला पॅडिंग दिलं तरी असंच होतं, कारण पॅडिंग 900 च्या वर मोजलं जातं. तेव्हा `box-sizing: border-box` लिहून ते 900 च्या आत घ्यायचं, किंवा पॅडिंग `body` ऐवजी `main` ला द्यायचं.

तिसरी मात्र खरोखर बुचकळ्यात टाकणारी आहे. मजकूर फार रुंद पसरू नये म्हणून `main` ला कमाल रुंदी देऊन मध्यभागी आणायची पद्धत सगळीकडे आहे:

```css
main {
  flex: 1 0 auto;
  max-width: 700px;
  margin: 0 auto;
}
```

कादंबऱ्यांच्या यादीवर हे उत्तम दिसतं. ‘पुस्तक सापडले नाही’ या पानावर `main` अचानक त्या एका ओळीएवढा अरुंद होतो, शोधाची चौकटही चिमटते. फ्लेक्सच्या स्तंभात मुलं एरवी पूर्ण रुंदीभर ताणली जातात, पण डाव्या-उजव्या बाजूला `auto` मार्जिन आला की ताणणं थांबतं आणि मूल आतल्या मजकुराएवढंच रुंद होतं. लांब परिच्छेद असले की मजकूरच 700 पर्यंत पसरतो, म्हणून काही कळत नाही. मजकूर थोडा असला की दोष दिसतो. फ्लेक्स लावण्याआधी हाच कोड बरोबर चालत होता, त्यामुळे संशय भलतीकडेच जातो. त्यात `width: 100%` ही एक ओळ घातली की रुंदी पुन्हा जागेवर येते, आणि 700 ची मर्यादाही पाळली जाते.

मोबाइलवर वेगळाच पेच आहे. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पत्त्याची पट्टी सुरुवातीला दिसते आणि वाचक खाली सरकू लागला की लपते. मग `100vh` म्हणजे पट्टी दिसत असतानाची उंची की लपल्यानंतरची? ब्राउझरांनी लपल्यानंतरची, म्हणजे मोठी उंची धरली. समजा पट्टी दिसताना 660 पिक्सेल दिसतात आणि लपल्यावर 716. `body` 716 ची होते, पण पान उघडताक्षणी दिसतात 660. फूटरचे तळाचे 56 पिक्सेल कडेच्या खाली जातात. फोन नंबर नेमका तिथेच असतो. लहान पान, ज्याला स्क्रोल करायची काहीच गरज नसावी, ते सरकवल्याशिवाय पूर्ण दिसत नाही.

2022 मध्ये सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिघांतही यासाठी नवी एककं आली. `svh` लहान उंची धरतं, `lvh` मोठी, आणि `dvh` त्या क्षणी जेवढी दिसत असेल तेवढी. फूटरसाठी मला `dvh` योग्य वाटतं. ते बदलतं राहतं म्हणून मोठ्या चित्रांच्या किंवा मोठ्या मथळ्यांच्या मांडणीत त्रासदायक होतं. पट्टी लपली की सगळं हलतं. इथे मात्र हललाच तर एकटा फूटर हलतो, आणि तोही मजकूर थोडा असेल तरच. जुन्या मोबाइलसाठी दोन्ही ओळी एकाखाली एक लिहायच्या:

```css
body {
  min-height: 100vh;
  min-height: 100dvh;
}
```

ज्या ब्राउझरला दुसरी ओळ कळते तो ती पाळतो, ज्याला कळत नाही तो ती सोडून पहिली पाळतो. क्रम उलटा केला तर सगळेच `100vh` वर राहतील. जुन्या इंटरनेट एक्सप्लोरर 11 मध्ये `min-height` आणि फ्लेक्सचा स्तंभ यांचं जमत नसे, उरलेली जागा मुलांपर्यंत पोचतच नसे, आणि त्यासाठी एक जादा चौकट घ्यावी लागायची. मायक्रोसॉफ्टने जून 2022 मध्ये त्या ब्राउझरचा आधार काढून घेतला. जुन्या कोडमध्ये फूटरसाठी अशी जादा चौकट सापडली तर तिचं मूळ बहुधा तिथे असतं.

हे सगळं नीट जमलं का, ते तपासायला नुसतं एक पान उघडून भागत नाही. साइटवरचं सर्वांत रिकामं पान आणि सर्वांत लांब पान, दोन्ही उघडायची. मग ब्राउझरची खिडकी अरुंद करत न्यायची. फूटरच्या ओळी वाढतील आणि तो उंच होईल, पण मजकुरावर चढता कामा नये. अक्षरं दुप्पट मोठी करून पाहायची. आणि एक मधलं पानही शोधायचं, ज्याचा मजकूर खिडकीच्या उंचीच्या जवळपास आहे, कारण 8 पिक्सेलचा मार्जिन किंवा मोबाइलची पट्टी यांच्या खोड्या तिथे सर्वांत स्पष्ट दिसतात. ब्राउझरच्या तपासणी खिडकीत `main` वर बोट ठेवलं की तो किती उंच झाला ते आकड्यात दिसतं. लहान पानावर तो मजकुराएवढाच असेल तर जागा त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. तेव्हा वर जाऊन त्याची आई कोण ते पाहायचं.

हेच काम सीएसएस ग्रिडनेही होतं. `grid-template-rows: auto 1fr auto` लिहिलं की पहिली आणि तिसरी ओळ मजकुराएवढी राहते आणि मधली उरलेली जागा घेते. कोड आणखी छोटा दिसतो. पण ग्रिडमध्ये जागा ओळीच्या क्रमांकाला दिलेली असते, भागाच्या नावाला नाही. दिवाळीत वाचनालयाने वरच्या पट्टीखाली ‘चार दिवस बंद’ अशी सूचना टाकली, की मुलं तीनाची चार होतात. दुसऱ्या क्रमांकावर आता सूचना येते, 1fr तिला मिळतो आणि ती एक ओळीची सूचना स्क्रीनभर फुगते. फ्लेक्समध्ये `main` वाढायला तयार आहे हे `main` वरच लिहिलेलं असतं. त्याच्या वर एक सूचना येवो की तीन, त्या आपापल्या उंचीच्या राहतात आणि उरलेली जागा `main` कडेच जाते.